डाएटेटिक्सच्या पेपरातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडं

डाएटेटिक्सच्या परीक्षेत, मग तो युनिव्हर्सिटीचा पेपर असो नाहीतर रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, हाडांवरचा प्रश्न बहुतेक वेळा एका माणसाची गोष्ट सांगून येतो: अमुक वयाची बाई, एवढं एवढं खाते, हे रिपोर्ट, आता काय सांगाल. यात वय उगाच दिलेलं नसतं. वयाबरोबर तीनपैकी काहीतरी बदललेलं असतं: शरीराची कॅल्शियमची गरज, आतड्यातून होणारं शोषण, किंवा हाडाची झीज. प्रश्न यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीवर आहे हे कळलं की ऑप्शन आपोआप गळायला लागतात. ठाणे, ऐरोली, वाशीकडची मुलं नोट्स घेऊन फिरतात त्यात बहुतेक वेळा नुसतं वय आणि मिलीग्रॅमचं टेबल असतं, ते पाठ करून अर्धेच प्रश्न सुटतात.

लहान वयाचे प्रश्न सोपे, पटकन उरकू. अंगावर पिणाऱ्या बाळाला व्हिटॅमिन डीचे ४०० युनिट रोज लागतात आणि आईच्या दुधात ते फारच कमी असतं, म्हणून बाळाला थेंब. टीनएजमध्ये हाड भरत असतं, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात आणि त्याचा मोठा हिस्सा याच वर्षांत जमा होतो, म्हणून अमेरिकन टेबलात ९ ते १८ या वयाला सगळ्यात जास्त, १३०० मिलीग्रॅम. आपल्या आयसीएमआरच्या २०२०च्या टेबलात तोच आकडा वयाप्रमाणे ८५० ते १०५०च्या आसपास. म्हणजे प्रश्नात कुठलं टेबल धरलंय हे आधी बघायचं, नाहीतर बरोबर येत असूनही मार्क जातात.

प्रेग्नन्सीचा घोळ

टेबलाचा हा गोंधळ सगळ्यात जास्त जाणवतो तो गरोदर बाईच्या प्रश्नात. आयसीएमआरच्या २०१०च्या टेबलात साध्या मोठ्या माणसाला ६०० आणि गरोदर बाईला १२०० होतं, सरळ दुप्पट, त्यामुळे जुन्या नोट्सवर शिकलेल्याच्या डोक्यात "प्रेग्नन्सी म्हणजे डबल" हे घट्ट बसलेलं असतं. २०२०मध्ये मोठ्या माणसाचाच आकडा १००० झाला, गरोदर बाईलाही १०००च राहिला, दूध पाजणाऱ्या आईला १२००. अमेरिकन टेबलात तर दोन्ही वेळी काहीच वाढ नाही, १९ वर्षांपुढच्या बाईला १००० ते १०००च.

आता पोटात पूर्ण सांगाडा बनतोय तरी गरज वाढत नाही, हे पचायला जड जातं ना. नऊ महिन्यांत बाळाच्या हाडात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जातं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, पण आईच्या शरीरात व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप, कॅल्सिट्रायॉल, वाढतं आणि आतडं त्याच जेवणातून जवळपास दुप्पट कॅल्शियम ओढायला लागतं. ताटात तेवढंच, रक्तात जास्त. म्हणजे इथे बदललं ते शोषण. दूध पाजताना गणित वेगळं होतं, तेव्हा शोषण परत नेहमीसारखं होतं आणि दुधात जाणारं रोजचं २००-३०० मिलीग्रॅम बऱ्याच अंशी आईच्या हाडातून निघतं, त्या काळात हाडाची घनता थोडी उतरते, आणि गोळ्या दिल्या तरी ती उतरण थांबत नाही. पण बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर हाड पुन्हा भरून येतं. "दूध पाजल्याने आईला पुढे ऑस्टिओपोरोसिस होतो" हा ऑप्शन म्हणूनच चूक, दिसायला कितीही खरा वाटला तरी.

मग सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या कशाला देतात? हा पुढचा प्रश्न आणि चांगल्या पेपरात तो येतोच. कारण ज्या बायकांचं रोजचं खाणंच १०००च्या खूप खाली आहे त्यांच्यात प्रेग्नन्सीत बीपी वाढण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कॅल्शियमने कमी होतो, जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम सांगते. आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, बाळंतपणानंतर सहा महिने तशाच चालू. ही कमी खाणाऱ्या लोकांसाठीची योजना आहे, गरजेचं टेबल नाही, आणि पेपर काढणारे मुद्दाम हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. त्यात आणखी एक खोच, कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये निदान दोन तास, कारण कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. आशाताई सांगतात तेच पेपरात विचारतात.

एक केस पूर्ण सोडवून

५६ वर्षांची बाई, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते, पाळी बंद होऊन पाच वर्षं. दिवसाला दोन कप चहा, मिळून १०० मिलीलीटर दूध. एक वाटी दही, १५० ग्रॅम. नाचणीची एक भाकरी, पीठ ५० ग्रॅम. बाकी पोळी, डाळ, भाज्या. सकाळी उठून थायरॉईडची गोळी आणि तिच्याबरोबरच कॅल्शियमची, "एकदाच उरकून टाकते" म्हणते. ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल. सकाळी सातला बंद काचेच्या आत खुर्ची टाकून ऊन घेते. प्रश्न: तिला किती कॅल्शियम मिळतंय आणि काय बदलाल? गरज १२०० धरा (अमेरिकन टेबलात ५१पुढच्या बायकांना एवढीच आहे).

दुधात १०० मिलीलीटरला साधारण १२० मिलीग्रॅम, म्हणजे चहातून १२० आणि दह्यातून १८०. नाचणीत १०० ग्रॅमला ३६० च्या जरा वर, भाकरीतून १८०. बाकीच्या जेवणातून अंदाजे १५० धरू. झाले ६३०.

आता गोळी. स्ट्रिपवर समोर मोठ्या अक्षरात १२५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. बरेच जण ६३० मध्ये १२५० मिळवतात, १८८० येतं, ५१ पुढच्या वयाची वरची मर्यादा २००० आहे, मग घाबरून "गोळी बंद करा" हा ऑप्शन टिक करतात. पण स्ट्रिप पालथी करून बारीक अक्षरं वाचली की खाली लिहिलेलं असतं, एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलीग्रॅम. कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ४० टक्केच, बाकी कार्बोनेटचं वजन. म्हणजे ६३० अधिक ५००, ११३०. उरलेले ७० एका छोट्या चमच्याभर तिळाच्या चटणीतून निघतात, पाच ग्रॅम तिळात जवळपास ६५ मिलीग्रॅम. घरात मासे चालत असतील तर कडक तळलेली मांदेली काट्यासकट, कॅल्शियम काट्यात असतं, त्यामुळे काटा बाजूला काढून खाल्लेल्या पापलेटचा इथे उपयोग नाही. पालक वाढवा हा ऑप्शन असतोच, त्याला हात लावू नका, पालकात कॅल्शियम दिसतं पण ऑक्झलेटला बांधलेलं, दुधातलं साधारण ३० टक्के शोषलं जातं तर पालकातलं ५ टक्क्यांच्या आसपास.

आकडा जमला पण केस संपली नाही, कारण गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात गेली असं नसतं. थायरॉईडची गोळी कॅल्शियमला चिकटून बसते, दोन्हीमध्ये चार तास हवेत, नाहीतर थायरॉईडचाच रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. कार्बोनेटला विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं, उपाशीपोटी नाही. आणि या बाईचं ॲसिड तर पॅन्टोप्राझोलने आधीच कमी केलेलं, म्हणून तिला कॅल्शियम सिट्रेट जास्त बरं, ते ॲसिडशिवाय चालतं. सिट्रेटमध्ये कॅल्शियम २१ टक्केच, १००० मिलीग्रॅमच्या गोळीत फक्त २१०, म्हणजे तेवढंच कॅल्शियम द्यायला जास्त गोळ्या लागतात, हा त्याचा तोटा. एकावेळी ५०० पेक्षा जास्त देऊन फायदा नाही, शोषणाचं प्रमाण घसरतं.

उन्हाचं तर बोलायलाच नको. त्वचेत व्हिटॅमिन डी बनवणारे यूव्हीबी किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत आणि सकाळी सातला सूर्य खाली असतो तेव्हा बाहेरही ते नगण्यच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते ती वेळ, म्हणजे साधारण अकरा ते दोन, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ. "कोवळं ऊन" ही आपली आवडती गोष्ट या कामाला उपयोगी नाही. वय वाढलं की त्वचेतला कच्चा मालही कमी होतो, म्हणून सत्तरीच्या पुढे अमेरिकन टेबलात ६०० युनिटचे ८०० होतात.

रिपोर्ट वाचताना

त्याच बाईचा रक्तातला कॅल्शियम ९.२, नॉर्मल. यावरून खाणं ठीक आहे असं म्हणायचं नाही, कारण रक्तातला आकडा कुठल्याही परिस्थितीत सांभाळला जातो, खाण्यातून नाही आलं तर पॅराथायरॉईड हॉर्मोन हाडातून काढून आणतं. व्हिटॅमिन डी किती आहे हे बघायला २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही टेस्ट. पेपरात शेजारी कॅल्सिट्रायॉलचा ऑप्शन ठेवलेला असतो, नावाने जास्त "ॲक्टिव्ह" वाटतो, पण कमतरतेत पॅराथायरॉईड हॉर्मोन किडनीला ढोसून ते बनवून घेतं, त्यामुळे ते नॉर्मल किंवा वाढलेलंही दिसू शकतं. हिचा २५-हायड्रॉक्सी ११ आहे (२०च्या खाली कमी मानतात), पॅराथायरॉईड वाढलेलं, अल्कलाईन फॉस्फटेज वाढलेलं, आणि हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे १.९.

उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया, म्हणून मुलं तिथेच थांबतात. पण ऑस्टिओपोरोसिसमध्ये, त्याच्या अलीकडच्या टप्प्यातही, हाड कमी असतं पण जेवढं आहे ते नीट भरलेलं, आणि रक्ताचे रिपोर्ट बहुतेक नॉर्मल येतात. इथे फॉस्फटेज वाढलंय म्हणजे हाडाचा साचा तयार आहे पण त्यात खनिज बसत नाहीये, म्हणजे ऑस्टिओमलेशियाचा संशय घ्यायचा. स्कॅनला दोन्ही सारखेच विरळ दिसतात, फरक रक्ताचे रिपोर्टच सांगतात. तिच्या कॅल्शियमच्या गोळीतच असलेले २५० युनिट व्हिटॅमिन डी रोजच्या गरजेलाही पुरत नाहीत, कमतरता भरून काढणं दूर. डॉक्टर साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात, आणि इथे डाएटिशियनने एक गोष्ट तोंडी विचारायलाच हवी: पुडी आठवड्याला एकच घेताय ना? रोज घेणारे निघतात, मग उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, रक्तातला कॅल्शियम वर, किडनीवर ताण.

परत टेस्ट कधी? २५-हायड्रॉक्सीचं रक्तातलं अर्धं आयुष्य दोन-तीन आठवडे असतं, म्हणून पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो, साधारण तीन महिन्यांनी बघायचं. डेक्सा एवढ्या लवकर पुन्हा करून काही कळत नाही, हाडातला बदल मशीनच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा मोठा व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात.