दावा कुठला आणि वायदा कुठला: अडकलेल्या बिलाच्या मेलांची टाइमलाइन

अडकलेल्या बिलाचं प्रकरण हातात येतं तेव्हा बहुतेक वेळा सोबत कोणीतरी केलेली टाइमलाइनही येते. तारखा बरोबर, नावं बरोबर, क्रमही बरोबर. तरी तो कागद बैठकीत उपयोगी पडत नाही, कारण कोण काय म्हणालं आणि कोणी काय करायचं अंगावर घेतलं, हे दोन्ही 'तपशील' नावाच्या एकाच रकान्यात कोंबलेलं असतं.

दावा म्हणजे जे घडलं किंवा जसं आहे त्याबद्दल एका बाजूचं म्हणणं. तो चलन, गेटपास, फोटो किंवा बँकेचं स्टेटमेंट बघून खरा-खोटा ठरतो. वायदा पुढच्या कामाचा असतो, आणि तो पाळला जातो किंवा मोडतो. इतपत सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो मेलमधल्या प्रत्यक्ष वाक्यांपाशी.

उदाहरणासाठी एक काल्पनिक बिल घेऊ. भोसरीतल्या एका लघुउद्योगानं चाकणच्या कारखान्याला ५,००० कोरुगेटेड खोके दिले, नगाला ३८ रुपये, म्हणजे कर सोडून १,९०,००० रुपये. माल ११ ऑगस्टला उतरला, बिल १२ तारखेला गेलं. १९ तारखेला खरेदी विभागाचा मेल आला: '४०० खोके ओले निघाले, पूर्ण बिल पास होणार नाही.' २१ ला पुरवठादारानं लिहिलं: 'माल कोरडाच उतरला, चलनावर तुमच्या स्टोअरची सही आहे. तरी उरलेली रक्कम ३१ ऑगस्टपर्यंत जमा झाली तर ४०० नगांची क्रेडिट नोट देऊ.' क्रेडिट नोट म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा पुरवठादाराचा कागद. २८ ला अकाउंट्सनं कळवलं: 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे.' १ सप्टेंबरला पुन्हा खरेदी विभाग: 'तुम्ही क्रेडिट नोट मान्य केली होती, ती आली नाही म्हणून पेमेंट थांबलंय.' आणि ९ ला त्यांचे मॅनेजर: '१,७४,८०० अधिक कर २० तारखेपर्यंत सोडतो, बाकीचं बघू.'

'प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य टाइमलाइनमध्ये हमखास 'पेमेंट देण्याचं मान्य केलं' होऊन बसतं. खरं तर त्यात तारीख नाही, रक्कम नाही आणि कोण देणार तेही नाही. फाइल कुठल्या टेबलावर आहे याबद्दलचा तो एक दावा आहे, आणि चार दिवसांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसानं 'थांबलंय' लिहून तो खोडूनही काढला. 'बघतो', 'वरती कळवलंय', 'लवकरात लवकर करू' ही सगळी त्याच जातकुळीतली. कोण, काय आणि कधीपर्यंत, ही तिन्ही उत्तरं मेलमध्येच सापडली तरच वायद्याच्या रकान्यात लिहायचं. ९ तारखेच्या मेलमधला पहिला अर्धा भाग या कसोटीला उतरतो, 'बाकीचं बघू' उतरत नाही. म्हणून त्या एका मेलच्या दोन ओळी करायच्या.

पण सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती १ सप्टेंबरच्या मेलवर. 'तुम्ही मान्य केली होती' हे वाचलं की हात आपोआप लिहितो: 'पुरवठादाराने क्रेडिट नोट देण्याचे मान्य केले, दिली नाही.' एका ओळीत दोन चुका. समोरच्यानं वायदा केला होता असं सांगणं हा सांगणाऱ्याचा दावा असतो. तो दाव्याच्याच रकान्यात जातो, आणि पुढे 'पाहा २१ ऑगस्ट' अशी खूण येते. मग २१ चा मूळ मेल उघडायचा. तिथे वायदा आहे, पण अटीचा, आणि ती अट ३१ ऑगस्टला पैसे न येताच संपली. म्हणजे १ सप्टेंबरला पुरवठादाराकडून काहीच देणं उरलेलं नव्हतं. शिवाय त्याच मेलमध्ये त्यानं माल कोरडा होता असंही म्हटलंय, त्यामुळे क्रेडिट नोटची तयारी ही ओल्या मालाची कबुलीही नव्हे. हे सगळं 'मान्य केले' या दोन शब्दांत गडप होतं, आणि पुढे बैठकीत मूळ मेल कोणी उघडत नाही.

त्या दोन तारखांच्या ओळी मी अशा लिहीन:

२१ ऑगस्ट, पुरवठादार. दावा: माल कोरडा उतरला (आधार: चलनावरची सही).
२१ ऑगस्ट, पुरवठादार. वायदा: ४०० नगांची क्रेडिट नोट. अट: उरलेली रक्कम ३१ ऑगस्टपर्यंत. स्थिती: अट पुरी झाली नाही.
१ सप्टेंबर, खरेदी विभाग. दावा: पुरवठादाराने क्रेडिट नोट मान्य केली होती (पाहा २१ ऑगस्ट, तिथे अट आहे).

अट वेगळी काढून लिहिण्याबाबत मी हट्टी आहे. 'स्पष्ट केले', 'निदर्शनास आणले' ही क्रियापदंही मला चालत नाहीत, कारण ती वापरली की लिहिणाऱ्यानं निकाल देऊन टाकलेला असतो. 'म्हटले' पुरतं.

दाव्याला वायद्याइतकं वजन नसतं असं मात्र समजू नका. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानं कराराची मुदत काहीही असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. खरेदीदारानं माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. घेतली, तर ती हरकत पुरवठादारानं दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. इथे १९ ऑगस्टचा मेल आठव्या दिवशी आलाय, म्हणून ती ओळ टाइमलाइनमधली फार महत्त्वाची ओळ आहे. तोच मेल २९ ला आला असता तर गणित बदललं असतं. तेव्हा 'ऑगस्टमध्ये तक्रार केली' असं मोघम लिहू नका, तारीख लिहा आणि लेखी होती हेही लिहा.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. बिलाची तारीख आणि मेलची तारीख वेगळी धरा. विषय बदलून सुरू झालेली नवी साखळी शोधून जोडा. समोरच्याच्या मजकुरात लाल रंगात उत्तरं घुसडणाऱ्यांचं काय करावं मला कळत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये कोण काय बोललं ते ओळखूच येत नाही, म्हणून ते मेल पडद्यावरच वाचा.

राहिला फोन. 'काल फोनवर ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात असलेला मेल आला की तोही दावाच, वाक्य कितीही ठाम असो. ओळीला तारीख मेलची द्या, फोनची नको. समोरून दुजोरा आला नसेल तर स्थितीत 'उत्तर नाही' लिहा, 'मान्य' लिहू नका.