एनपीव्ही काढा नाहीतर एनएफव्ही, उत्तर तेच: या भानगडीची पार्श्वभूमी

प्रोजेक्ट घ्यायचा की नाही हे ठरवताना आता सगळे नेट प्रेझेंट व्हॅल्यू म्हणजे एनपीव्ही काढतात, पुढचे सगळे पैसे आजच्या तारखेला आणायचे, खर्च वजा करायचा, प्लस आलं तर घ्या, मायनस आलं तर सोडा. याचाच एक भाऊ आहे, नेट फ्युचर व्हॅल्यू म्हणजे एनएफव्ही. त्यात सगळे पैसे प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखेला नेऊन तिथे वजाबाकी करतात. क्लासमध्ये तो दोन मिनिटांत उरकला जातो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की ही काहीतरी वेगळी, कदाचित जास्त कडक किंवा जास्त ढिली टेस्ट असणार. तसं काही नाहीये, आणि जुना इतिहास बघितला तर हे दोन्ही हिशोब आधीपासूनच हातात हात घालून चाललेले दिसतात.

व्याजाचा हिशोब मांडून दोन पर्यायांची तुलना करणं तसं खूप जुनं आहे. १२०२ मध्ये फिबोनाचीने लिहिलेल्या गणिताच्या पुस्तकात एका सैनिकाचं उदाहरण आहे, त्याला वर्षाला ३०० बेझंट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, मिळायचे, दर तीन महिन्यांनी ७५ असे, आणि मग राजा म्हणतो की आता सगळे एकदम वर्षाच्या शेवटी देणार. व्याज महिन्याला शंभरामागे २. सैनिकाचं नुकसान किती? आजच्या पद्धतीने तिमाहीला ६ टक्के धरून केलं तर आजच्या तारखेला साधारण २२ बेझंटचं नुकसान येतं आणि वर्षअखेरच्या तारखेला साधारण २८ चं. आकडे वेगळे, पण सैनिक दोन्हीकडे तोट्यातच, आणि २२ ला वर्षभराचं व्याज लावलं की २८ च होतात.

पुढे १५८२ मध्ये सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने अँटवर्पमध्ये व्याजाचे तक्ते छापले. तोपर्यंत असे तक्ते बहुतेक वेळा सावकार आणि व्यापारी लोक आपल्याकडेच दाबून ठेवायचे. स्टेव्हिनने तक्त्यांसोबत एक नियमही दिला, दोन-तीन पर्यायांतला कुठला फायद्याचा आणि कितीने, हे बघायचं तर प्रत्येकाची आजची किंमत काढा आणि फरक बघा. म्हणजे एनपीव्हीचा गाभा चारशे वर्षांहून जुना आहे, नाव तेवढं नंतर आलं.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतो तो जंगलवाल्यांचा किस्सा. १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान नावाच्या जर्मन फॉरेस्टरने प्रश्न घेतला की जंगलाच्या मोकळ्या जमिनीची किंमत किती धरायची. आता झाडांचं कसं, लावायचा खर्च आज आणि तोडणीचे पैसे कित्येक दशकांनी. फाउस्टमानने काय केलं, तर लागवडीचा खर्च व्याजासकट तोडणीच्या वर्षापर्यंत वाढवत नेला, मधे विरळणीतून, म्हणजे दाटीतली काही झाडं आधीच काढून, जे पैसे येतात तेही व्याज लावून त्याच वर्षाला नेले, तोडणीच्या उत्पन्नाशी ते सगळं जुळवलं, आणि त्या तारखेला निव्वळ काय उरतं ते पाहिलं. हे म्हणजे सरळसरळ एनएफव्हीच! मग तेच चक्र पुन्हा पुन्हा कायम चालणार असं धरून तो उरलेला आकडा डिस्काउंट करून आजवर आणला. आधी पुढे, मग मागे, एकाच सूत्रात दोन्ही तारखा. चिन्ह मात्र पहिल्याच टप्प्यात ठरून गेलेलं असतं, तोडणीच्या वर्षी निव्वळ मायनस असेल तर मागे आणून ते प्लस होणार कुठून.

का होणार नाही, ते एका छोट्या केसवर बघू. आज १००० घालायचे, पुढची तीन वर्षं प्रत्येक वर्षाच्या शेवटी ४०० येणार. एकूण १२०० येतात त्यामुळे वरवर फायदाच दिसतो. भांडवलाचा रेट, म्हणजे या पैशांवर वर्षाला निदान एवढं तरी सुटायला हवं तो दर, १० टक्के धरू.

आजच्या तारखेला आणलं तर तीन ४०० ची किंमत ९९४.७४ होते, वजा १०००, म्हणजे एनपीव्ही -५.२६. आता तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जाऊ. पहिले ४०० दोन वर्षं वाढून ४८४, दुसरे ४४०, तिसरे ४००, बेरीज १३२४. घातलेले १००० सुद्धा तीन वर्षं बसून राहिले, त्यांचे झाले १३३१. एनएफव्ही -७. आणि कोणी हट्टाने पहिल्या वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर -५.७९ येतं. तिन्ही आकडे वेगळे पण तिन्ही मायनस, आणि -५.२६ ला १.१ ने गुणलं की -५.७९, १.३३१ ने गुणलं की -७. तारीख बदलणं म्हणजे पूर्ण उत्तराला एकाच फॅक्टरने गुणणं, आणि तो फॅक्टर कायम शून्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे प्लसचं मायनस होऊच शकत नाही आणि शून्य तर शून्यच राहतं. दरवर्षी रेट वेगळा असला तरी चालतं, फॅक्टर म्हणजे त्या त्या वर्षाच्या '१ अधिक रेट' यांचा गुणाकार होतो, बाकी काही बदलत नाही. रेट ८ टक्के केला तर एनपीव्ही ३०.८४ आणि एनएफव्ही ३८.८५, आता दोन्ही प्लस.

मग एनपीव्हीच का जिंकला? १९३० मध्ये अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशरने व्याजाच्या थिअरीत सगळं आजच्या संपत्तीच्या भाषेत मांडलं, १९५१ मध्ये जोएल डीनने कंपन्यांसाठी कॅपिटल बजेटिंगचं पुस्तक लिहिलं, आणि तिथून पुढे वाद पेटला तो रेट ऑफ रिटर्न, म्हणजे प्रोजेक्ट वर्षाला किती टक्के कमावतो, विरुद्ध प्रेझेंट व्हॅल्यू असा, फ्युचर व्हॅल्यू त्या भांडणात बाजूलाच राहिली. माझ्या मते खरं कारण साधं आहे, निर्णय आज घ्यायचा असतो, पैसे आज मागायचे असतात, आणि वेगवेगळ्या वेळी संपणाऱ्या प्रोजेक्ट्सना कॉमन अशी एकच तारीख आपोआप मिळते ती म्हणजे आज.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण इथेच लोक फसतात. होकार-नकार बदलत नाही हे खरं, पण क्रमवारी बदलू शकते, जर प्रत्येक प्रोजेक्टची एनएफव्ही त्याच्या त्याच्या शेवटच्या तारखेला काढली तर. समजा दोन्हीकडे १००० घालायचे, रेट १० टक्के. पहिला एका वर्षात १२०० देतो, दुसरा पाचव्या वर्षाच्या शेवटी एकदम १७४०. पहिल्याची एनएफव्ही १००, दुसऱ्याची १२९.४९, म्हणजे दुसरा भारी वाटतो. पण एनपीव्ही बघा, पहिल्याची ९०.९१ आणि दुसऱ्याची ८०.४०. झालं काय, तर एक आकडा पहिल्या वर्षाचा आहे आणि दुसरा पाचव्या वर्षाचा, त्यांची तुलनाच होत नाही. पहिल्याचे १०० पाचव्या वर्षापर्यंत वाढवत नेले की १४६.४१ होतात आणि तो पुन्हा पुढे. लांब मुदतीच्या प्रोजेक्टची एनएफव्ही नेहमीच फुगलेली दिसते, ८० वर्षांच्या जंगलाला ३ टक्क्यांनी सुद्धा फॅक्टर जवळजवळ १०.६ पडतो, त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये नुसती एनएफव्ही दाखवलेली दिसली की मी आधी तारीख विचारतो.

दुसरी गडबड आहे ती रेटची, आणि १९५६ मध्ये एझ्रा सॉलोमनने नेमकं यावर बोट ठेवलं. रेट ऑफ रिटर्न आणि प्रेझेंट व्हॅल्यू वेगवेगळी क्रमवारी का देतात, तर मधे येणारे पैसे पुढे कुठल्या रेटने गुंतवले जाणार याबद्दल दोन्ही पद्धती मुकाट्याने वेगवेगळं धरून चालतात. त्याचा उपाय होता की सगळं शेवटच्या तारखेला नेऊन टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे तिथे एकूण किती जमतात ते, बघा, म्हणजे ते गृहीतक उघड्यावर येतं. पुढे ढकलताना आपसूक विचारावं लागतं की हे ४०० दोन वर्षं कुठे राहणार आहेत. एनएफव्हीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

आपली ८ टक्क्यांची केस घ्या, तिथे प्रोजेक्ट पास होता. पण समजा मधले पैसे फक्त ४ टक्क्यांनीच ठेवता येतात. मग पहिले ४०० चे ४३२.६४, दुसऱ्यांचे ४१६, तिसरे ४००, बेरीज १२४८.६४. घातलेल्या १००० चे ८ टक्क्यांनी १२५९.७१ झालेले आहेत. एनएफव्ही -११.०७, प्रोजेक्ट नापास! बघणारा लगेच म्हणेल, बघा एनपीव्ही प्लस होती आणि एनएफव्ही मायनस आली, दोन्ही वेगळं सांगतात. नाही सांगत. १२४८.६४ तेच ८ टक्क्यांनी आजवर आणा, ९९१.२१ येतात, म्हणजे एनपीव्ही सुद्धा -८.७९. निर्णय बदलला तो पुनर्गुंतवणुकीचा रेट बदलल्यामुळे. तारीख बदलल्याचा त्यात काहीच हात नाही. अशा वेळी ४ टक्के खरंच बरोबर आहेत का हा वेगळा प्रश्न, कारण ते पैसे कर्ज फेडायला वापरता येत असतील तर त्यांची कमाई कर्जाच्या रेटइतकी धरायला पाहिजे.

स्प्रेडशीट आल्यावर तर हे तक्ते वगैरे कुणी बघेनासं झालं, पण तारखेची चूक तिथेही शिल्लक आहे. एक्सेलचं NPV फंक्शन पहिला आकडा पण एक वर्षानंतरचा धरतं, त्यामुळे आजचा खर्च आत टाकला की उत्तर एक वर्ष आधीच्या तारखेला जातं:

```
=NPV(10%,-1000,400,400,400)      -4.78
=NPV(10%,400,400,400)-1000       -5.26
=FV(10%,3,-400,1000)             -7.00
```

पहिली ओळ चुकीची, पण गंमत बघा, निर्णय तरीही बरोबरच येतो, कारण चारही आकडे एकसारखेच एक वर्ष मागे सरकले. बॉसला सांगितलेला आकडा चुकला, होकार-नकार नाही चुकला. खरी वाट लागते ती तारखा मिसळल्यावर, येणारे पैसे पुढे नेऊन १३२४ केले आणि घातलेले १००० आजचेच ठेवले की +३२४ येतं आणि नापास प्रोजेक्ट दणक्यात पास होतो. ही चूक पकडायची सोपी युक्ती म्हणजे शीटमध्ये दोन्ही काढा आणि एनएफव्हीला एनपीव्हीने भागा. भागाकार १.३३१ आला तर ठीक, दुसरं काहीही आलं, मायनस आलं तर फारच, की समजायचं कुठलातरी एक कॅश फ्लो दुसऱ्याच तारखेला किंवा दुसऱ्याच रेटवर बसलाय.