दोन इअरबड्स, एक फोन: आवाज मागेपुढे का होतो?

“ब्लूटूथ ५ असलं की एका फोनवर दोन इअरबड्स एकत्र चालतात ना? मग बायकोच्या कानात डायलॉग उशिरा का येतो? तिचे बड्स खराब आहेत का?”

बड्स बहुधा ठणठणीत आहेत. गैरसमज त्या ५ आकड्याचा आहे. २०१६ च्या ब्लूटूथ ५ ने पल्ला आणि वेग वाढवला, पण नेहमीचा ब्लूटूथ ऑडिओ जुन्याच पद्धतीने एका जोडीसाठी एक प्रवाह पाठवत राहिला. सॅमसंगसारख्या कंपन्या आपल्या फोनमध्ये दोन वेगळे प्रवाह सोडतात, ती त्यांची स्वतःची सोय.

प्रत्येक जोडी आलेला आवाज थोडा साठवून मग वाजवते. समजा, तुमची १५० मिलिसेकंद थांबते आणि तिची २५०. फरक फक्त १०० चा, पण एका जोडीतला एक बड डाव्या कानात, दुसरीतला उजव्या कानात घालून मेट्रोनोम लावा: टिक-टिक दोनदा ऐकू येईल. आवाजाचा उशीर कमी करणारा गेम मोड एकाच जोडीत चालू असेल तर फरक आणखी वाढू शकतो, तो आधी बंद करा. एकाच मॉडेलच्या दोन जोड्या सहसा जवळजवळ जुळतात.

ऑराकास्ट या, एकच आवाज एकाच वेळी अनेकांना पाठवणाऱ्या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत मात्र ‘अमुक क्षणी वाजव’ हे प्रसारणातच सांगितलेलं असतं. त्यासाठी फोन आणि दोन्ही जोड्यांत ती सोय हवी.