उन्हाच्या खोलीतील पडद्याचे कापड

पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर ऊन तिरके आत येते, म्हणून महाराष्ट्रातल्या घरांत पडदे सर्वाधिक तिथेच विटतात. दक्षिणेच्या खिडकीला मात्र मुख्यतः हिवाळ्यात जपावे लागते, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. शिवाय दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, त्यामुळे केवळ काचेवर फिल्म लावून भागत नाही.

प्रकाशात रंग किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या १ ते ८ या प्रमाणपट्टीवर मोजतात. पुढची प्रत्येक श्रेणी मागच्या श्रेणीच्या साधारण दुप्पट प्रकाश सोसते, म्हणजे ६ श्रेणीचे कापड ४ श्रेणीच्या सुमारे चौपट. उन्हाच्या खिडकीसाठी ६ मागावी, ५ च्या खाली जाऊ नये. धागा बनतानाच रंगद्रव्य मिसळलेले अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर यात सर्वांत भरवशाचे. रेशमाचा केवळ रंगच जात नाही, तर धागाच कुजून घडीवर फाटतो. ते अस्तराशिवाय उन्हात लावूच नये.

अस्तर पांढरे किंवा मोतिया असावे आणि वरच्या पट्टीला वेगळे अडकवता यावे. ऊन तेच झेलते, म्हणून काही वर्षांनी तेवढेच बदलता येते. एक गोष्ट शिंपीही विसरतात: बाजूच्या दुमडीत मुख्य कापड मागे वळलेले असते आणि काचेकडची ती इंचभर पट्टी उघडीच राहते. पडदा तिथून आधी विटतो. दोन पडदे एकसारखे असतील तर दर काही महिन्यांनी डावा-उजवा अदलाबदल करावा. मग खिडकीकडची कड भिंतीकडे जाते.

समजा रॉड ६ फूट आणि उंची ७ फूट आहे. दुप्पट चुणीसाठी १४४ इंच रुंदी लागते, म्हणजे ४८ इंच पन्ह्याच्या तीन पट्ट्या. दुमडीसाठी १२ इंच धरून प्रत्येक पट्टी ९६ इंच, म्हणजे एकूण ८ वार, सुमारे ७.३ मीटर. अस्तरही जवळपास तेवढेच. मोठी नक्षी असेल तर ती जुळवायला कापड वाढते. सगळे एकाच लॉटचे घ्यावे, कारण दुसऱ्या लॉटची छटा हमखास थोडी वेगळी निघते.

रोलर ब्लाइंडच्या जाळीदार कापडात छिद्रांचे प्रमाण पाहावे. पश्चिमेला १ ते ३ टक्के ठीक. १० टक्क्यांत ऊन डोळ्यांवर येतेच. रात्री आत दिवा लागला की बाहेरून आतले दिसते, हे आधी ठाऊक असावे.

दुकानदार ‘रंगाची गॅरंटी’ म्हणतो तेव्हा बहुधा धुण्याबद्दल बोलत असतो. धुण्यातला आणि प्रकाशातला पक्केपणा वेगळा. तेव्हा प्रकाशाची श्रेणी आणि ती कोणत्या मानकाप्रमाणे, हे बिलावर लिहून द्यायला तयार असेल तोच विक्रेता निवडावा. आयएसओ १०५-बी०२ हे त्याचे प्रचलित मानक. श्रेणी सांगता येत नसेल तर वीतभर तुकडा मागून घ्यावा, अर्धा जाड पुठ्ठ्याने झाकून त्याच खिडकीच्या काचेला महिनाभर चिकटवावा. पुठ्ठा काढल्यावर मधली रेषा दिसली, तर ते कापड त्या खिडकीसाठी नाही.