पुटनी विसरलं गेलं, सिंक्लेअर रोड राहिला : लंडनमधल्या पहिल्या भाड्याच्या गुरुद्वाराची पार्श्वभूमी

लंडनमधला पहिला गुरुद्वारा कोणता, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी शेफर्ड्स बुशमधल्या 79, सिंक्लेअर रोड या घराचं नाव सांगतात. साल मात्र कुठे 1911 दिलेलं असतं, कुठे 1913. ही दोन्ही सालं खरी आहेत, पण ती एका जागेची नाहीत. खालसा जथा ही शिखांची संस्था 1908 मध्ये स्थापन झाली आणि तिने 1911 मध्ये लंडनच्या पुटनी भागात भाड्याने जागा घेऊन गुरुद्वारा सुरू केला. सिंक्लेअर रोडचं घर त्यानंतर दोन वर्षांनी आलं. पुढे सांगोवांगीत पुटनीचं साल सिंक्लेअर रोडला जाऊन चिकटलं आणि पुटनी गोष्टीतून गळून पडलं.

यात कुणाची लबाडी नाही. सिंक्लेअर रोडच्या मागे पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांचा पैसा होता. ते 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी लंडनला आले होते. या जागेला त्यांच्या नावाची धर्मशाळा म्हणूनही ओळखत. तिथे प्रार्थना होई, लंगर चाले आणि नव्याने आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा मिळे. उधम सिंग यांचंही तिथे येणं-जाणं होतं. 1969 मध्ये गुरुद्वारा हॉलंड पार्कजवळच्या क्वीन्सडेल रोडवर हलला. म्हणजे सिंक्लेअर रोडला दाता होता, पत्ता होता, ओळखीचे पाहुणे होते आणि पन्नासहून जास्त वर्षांचा मुक्काम होता. पुटनीकडे यातलं फारसं काही नव्हतं. होतं ते फक्त पहिलेपण, आणि तेही टिकलं नाही.

भाड्याच्या जागेच्या वाट्याला हे बहुधा येतंच, कारण कागद मालकाच्या नावाने तयार होतात. इंग्लंडमध्ये दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा सरकारी दप्तरात येतो. आजच्या नियमानुसार सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा लँड रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो. पण महिन्याच्या भाड्याने घेतलेली खोली किंवा रविवारी दोन तासांसाठी मिळालेला हॉल या चाळणीतून खाली पडतो. 1855 च्या कायद्याने प्रार्थनास्थळ नोंदवण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. पुढच्या महिन्यात मालक जागा देईल की नाही याची खात्री नसलेला माणूस त्या फंदात कशाला पडेल?

दुसरी अडचण वारसा ठरवण्याच्या पद्धतीतच आहे. इंग्लंडमध्ये इमारतीला संरक्षण मिळतं ते तिच्या स्थापत्याच्या किंवा इतिहासाच्या महत्त्वामुळे, आणि त्यासाठी ती उभी असावी लागते. नामवंतांच्या घरांवर लावल्या जाणाऱ्या लंडनमधल्या निळ्या फलकांसाठीही मूळ इमारत शिल्लक असण्याची अट आहे. कॅनडात हाच फरक ठळक दिसतो. व्हँकुव्हरमध्ये सेकंड अॅव्हेन्यूवर 1908 मध्ये गुरुद्वारा उभा राहिला. भारतीय प्रवाशांना परत पाठवलेल्या कोमागाता मारू जहाजाच्या 1914 च्या प्रकरणात तिथल्या शिखांच्या हालचालींचं केंद्र तोच होता. तो आज नाही. अॅबट्सफोर्डचा गुरुद्वारा त्याच्यानंतरचा, लाकूड गिरणीत राबणाऱ्या शिखांनी स्वतः बांधलेला. तो टिकून राहिला आणि 2002 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. व्हँकुव्हरची वास्तू तर समाजाच्या मालकीची होती, तरी पाडली गेल्यावर तिच्या हाती काही लागलं नाही. भाड्याच्या खोलीचं काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

युरोपात 2005 मध्ये पोर्तुगालमधल्या फारो इथे झालेल्या करारात वारशाची व्याख्या करताना 'मालकी कुणाचीही असो' या अर्थाचे शब्द मुद्दाम घातले गेले. लोक ज्यात आपली ओळख पाहतात तो वारसा, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. (सातबारा हा माझा शब्द, करारातला नाही.) भाड्याच्या प्रार्थनागृहाची नोंद करायला तात्त्विक आधार आहे तो असा. आता प्रश्न उरतो पुराव्याचा.

पुरावा दुसऱ्यांच्या कागदांत शोधावा लागतो. लंडनमध्ये सुरुवात त्या काळच्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरीपासून करतात. तिच्यात रस्त्यावरच्या घरांच्या क्रमाने रहिवासी आणि व्यावसायिकांची नावं असतात. त्यात संस्थेचं नाव सापडलं नाही म्हणजे संस्था तिथे नव्हती, असं होत नाही, कारण नाव मुख्य भाडेकरूचं असू शकतं. मग मालकाच्या हिशेबाच्या वह्या, स्थानिक वर्तमानपत्रं आणि संस्थेची वर्गणीची पावतीपुस्तकं पाहायची. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कागद पावतीच असतो. छापील पत्ता खोडून हाताने नवा लिहिलेली पावती सापडली, की जागा कधी बदलली ते महिन्यापर्यंत सांगता येतं.

राहत्या जागेसाठी जनगणना उपयोगी पडते, पण तिला मोठं भगदाड आहे. इंग्लंड-वेल्सच्या 1921 च्या जनगणनेचे तक्ते 2022 मध्ये खुले झाले. 1931 चे आगीत गेले आणि 1941 मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधली पोकळी थोडीफार भरते ती सप्टेंबर 1939 च्या राष्ट्रीय नोंदवहीने. सिंक्लेअर रोडसारख्या जिथे माणसं मुक्कामाला असत त्या घराची चौकशी या दोन नोंदींत करता येते. नुसत्या प्रार्थनेपुरत्या जागेचा इथे उपयोग नाही, कारण रात्री तिथे कुणी झोपत नसे.

पत्ता मिळाला तरी घाई करू नये. लंडनमध्ये अनेक रस्त्यांची नावं आणि घरक्रमांक नंतर बदलले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा क्रमांक आजच्या दारावर शोधला, तर चुकीच्या घरासमोर उभं राहून फोटो काढला जातो. डिरेक्टरीत घरांच्या मधे आडवे रस्ते कुठे येतात तेही दिलेलं असतं. तो क्रम त्या काळच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर बसवून पाहायचा. कोपऱ्यापासून तितकीच घरं मोजून येत असतील तरच क्रमांक मान्य करायचा.

पुटनीइतकी जुनी जागा डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी नाही. पण 1950 आणि 60 च्या दशकांत भाड्याने घेतलेल्या हॉलांबद्दल बोलणारी माणसं अजून भेटतात. त्यांना साल विचारू नये. 'साधारण बासष्ट' असं उत्तर येतं आणि तेच पुढे छापलं जातं. त्याऐवजी तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, नोकरी कुठे होती, हॉलला कोणत्या बसने जायचात, असं विचारावं. मग प्रत्येकाला वेगवेगळं बसवून खोलीचा नकाशा काढायला सांगावा: दार, खिडकी, ग्रंथ कुठे ठेवत, जोडे कुठे काढत, सामान कोणत्या कपाटात कुलूपबंद करत. तीन नकाशांत दार एकाच बाजूला आलं तर बरंच काही हाती लागलं. एकात ते उलट्या बाजूला आलं, तर बहुतेक वेळा तो माणूस दुसऱ्या हॉलबद्दल बोलत असतो. पुटनी आणि सिंक्लेअर रोडचं जे झालं, तेच इथे एका माणसाच्या आठवणीत झालेलं असतं.

दर आठवड्याला मांडून उचलायच्या जागेवर भिंतीला खिळाही ठोकलेला नसतो. त्यामुळे तिथला वारसा भिंतींपेक्षा ट्रंकेत सापडतो: चादरी, दानपेटी, हॉलची किल्ली, भांड्यांवर कोरलेली नावं. ही वस्तू कोणत्या जागेची, कुणाकडून आली, आणि हे कुणी सांगितलं, या तीन गोष्टी तिच्यासोबत लिहून ठेवाव्या लागतात. जागेच्या नोंदीतही पुरावा जिथपर्यंत जातो तिथेच थांबावं. भाग कळला असेल तर भाग लिहावा, रस्ता कळला असेल तर रस्ता, आणि घरक्रमांकाचा रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना पाहून एखादा नातू घरची पावती घेऊन येतो. अंदाजाने भरलेला पाहून कुणी येत नाही.