दडपे पोह्यांतील दाणे, खोबरे आणि साखर

“पोह्यांत मूठभर दाणे घातले की नाश्ता प्रोटीनचा होतो, खोबरे-साखर चवीपुरती, ती कशाला मोजायची?”

एका माणसाच्या दडप्या पोह्यांसाठी 50 ग्रॅम पातळ पोहे घेतले, तर त्यांत कर्बोदके सुमारे 38 ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम साडेतीन ग्रॅम असतात. 15 ग्रॅम दाण्यांनी प्रथिनांत चार ग्रॅमांची भर पडते, म्हणजे ती दुप्पट होतात हे खरे. पण त्याबरोबर सात ग्रॅम स्निग्धांशही येतो आणि दाण्यांच्या 85 कॅलरींपैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याच असतात.

कोकणात खरा फरक पाडते ते ओले खोबरे. सढळ हाताने पेरलेल्या 30 ग्रॅम चवात स्निग्धांश दहा ग्रॅम, प्रथिने मात्र एकच ग्रॅम. चमचाभर साखर, जिचा धसका सर्वाधिक, ती 20 कॅलरींवर थांबते.

पडताळणीसाठी खवलेला चव पोह्यांवर पेरण्याआधी वाटीसकट वजनकाट्यावर ठेवावा, रिकाम्या वाटीचे वजन वजा करावे आणि त्या वजनातील प्रथिने व कर्बोदकांच्या ग्रॅमांना 4 ने, स्निग्धांशाला 9 ने गुणून कॅलरी काढाव्यात. नारळ किती जून आहे त्यावर आकडा थोडा हलतो. सुके खोबरे वापरल्यास तेवढ्याच वजनात स्निग्धांश जवळपास दुप्पट धरावा.