रिपोर्टवर ‘ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक चित्र’ असं लिहिलं असेल तर

आमच्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये सीबीसीच्या आकड्यांखाली रक्ताच्या काचपट्टीबद्दल एक शेरा असतो. त्यात कधीकधी ‘ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक चित्र, टिअरड्रॉप पेशी आढळल्या’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून बरेच जण घाबरून फोन करतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

रक्तपेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत, म्हणजे बोनमॅरोमध्ये तयार होतात आणि पूर्ण वाढ झाल्यावरच रक्तात उतरतात. लाल पेशी तर बाहेर पडण्याआधी आपलं केंद्रक टाकून देते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसायला नकोत, आणि मायलोसाइटसारख्या अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशीही नकोत. या दोन्ही एकत्र दिसल्या की आम्ही हा शेरा लिहितो. मज्जेतलं काहीतरी बिघडलं असावं, एवढंच त्यावरून कळतं. आजाराचं नाव त्यातून ठरत नाही.

मायलोफायब्रोसिस हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. या आजारात मज्जेतल्या मूळ पेशींमध्ये जनुकीय बदल होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो जॅक-२ या जनुकात सापडतो. हा बदल बहुधा आयुष्यात पुढे कधीतरी घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. प्लेटलेट तयार करणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि आजूबाजूच्या पेशींना तंतू विणायला लावणारी रसायनं सोडतात. हळूहळू मज्जेत व्रणासारखं जाळं तयार होतं. रक्त बनवायला जागा उरत नाही, म्हणून मूळ पेशी बाहेर पडून प्लीहेत आणि यकृतात ठाण मांडतात. गर्भावस्थेत या अवयवांत रक्त तयार होतंच, पण आता तिथलं काम अपुरं आणि अव्यवस्थित असतं. कच्च्या पेशी रक्तात निसटतात आणि प्लीहा फुगत जाते. डाव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, चार घासांत पोट भरतं. तिथे अचानक तीव्र कळ आली तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. प्लीहेच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

अशा नमुन्यावर आम्ही काय करतो, ते एका नमुनादाखल रिपोर्टवरून सांगतो. साठीतली एक व्यक्ती, दम लागतो, वजन उतरलंय. हिमोग्लोबिन ८.९, यंत्राने मोजलेल्या पांढऱ्या पेशी १६,५००. काचपट्टीवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे केंद्रक असलेल्या १० लाल पेशी दिसल्या. काही यंत्रं या लाल पेशींनाही पांढऱ्या समजून मोजतात. तेव्हा १६,५०० ला १०० ने गुणून ११० ने भागायचं; खरा आकडा येतो १५,०००. थेंबाच्या आकाराच्या, एका बाजूला शेपटी असलेल्या टिअरड्रॉप पेशीही भरपूर. इथे फसगत होऊ शकते. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला असतील तर दोष काचपट्टी ओढण्यातला असतो, आणि आम्ही नवी काचपट्टी करतो. या नमुन्यात शेपट्या चहूकडे होत्या, म्हणून शेरा कायम ठेवला.

पुढची वाट रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. ते प्लीहा तपासतात, रक्तातल्या एलडीएच या एन्झाइमचं प्रमाण बघतात आणि बोनमॅरो तपासणी सांगतात. सुईने मज्जा ओढायला गेल्यावर पुष्कळदा काहीच हाती येत नाही, कारण तंतूंनी ती घट्ट धरलेली असते. याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. त्यात डॉक्टरांची चूक नसते. म्हणूनच हाडाचा छोटा दंडगोल तुकडा, म्हणजे ट्रिफाइन बायोप्सी घ्यावी लागते. चांदीच्या क्षारांनी त्यातले रेटिक्युलिन तंतू काळे रंगवून व्रणाची प्रत एमएफ-० ते एमएफ-३ अशी ठरवतात. जॅक-२, कॅलआर आणि एमपीएल या जनुकांची चाचणी मात्र साध्या रक्तावरही होते. सुमारे दहातल्या एका रुग्णात या तिन्हींत काही सापडत नाही, म्हणून ती चाचणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं धरू नये. बीसीआर-एबीएल चाचणी करून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग वगळणंही गरजेचं असतं.

हाच शेरा इतर कारणांनीही येतो: हाडांत पसरलेला स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग, मज्जेपर्यंत गेलेला क्षयरोग, तीव्र जंतुसंसर्ग, अचानक झालेला मोठा रक्तस्राव. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला दिलेल्या इंजेक्शनांमुळेही कच्च्या पेशी रक्तात येतात. तेव्हा नमुना देताना आजार, औषधं आणि अलीकडचं रक्त चढवणं आम्हाला जरूर सांगा. जुने सीबीसी रिपोर्ट असतील तर तेही आणा. हिमोग्लोबिन महिन्याभरात घसरलं की दोन वर्षांत, यावर डॉक्टर पुढे काय शोधतील ते बरंचसं अवलंबून असतं.